गोंदियाचे जंक्शन आणि १९१४चे वेळापत्रक

आजचा धागा लांबलचक आहे, आणि दहावीच्या उजळणीसाठी तो वाचणाऱ्यांनी पेन जवळ ठेवावे. विषय नेहमीचाच : पहिल्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम. मात्र या वेळी मी तो साराजेव्होपासून सुरू करणार नाही. आमगावच्या एका घराच्या ओसरीपासून सुरू करणार आहे.

माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. विचारले की ती म्हणे, "मानमोडीच्या साली मी अंगावर पीत होते." मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत तिची आई गेली. मावशीने तिला वाढवले. ती आणखी एक वाक्य हमखास जोडत असे : "आगगाडीनं आणली मानमोडी." आम्हा नातवंडांना ते एखाद्या गावठी समजुतीसारखे वाटे आणि आम्ही हसत असू. पुढे शाळेत मी पहिल्या महायुद्धावर उत्तर लिहिले, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि त्या उत्तराचा आजीच्या आईशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही.

गेली काही वर्षे मी परीक्षेच्या आधी आमच्या वस्तीतल्या मुलांची इतिहासाची उजळणी घेतो. मागच्या हिवाळ्यात एका मुलीने वहीतून मान वर न करता विचारले, "सर, या युद्धात आपल्या गोंदियाला काय झाले?" मी म्हणालो, "फार काही नाही." ते उत्तर चुकीचे होते. हा धागा म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

आधी कारणे. सैन्यवाद, गुप्त करारांनी बांधलेल्या आघाड्या, साम्राज्यवाद आणि आक्रमक राष्ट्रवाद ही चार कारणे आणि 'तात्कालिक कारण' म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, हे सर्वांना पाठ असते. ते चूकही नाही. पण या चार कारणांना एक साधा प्रश्न विचारून पाहा : तुम्ही चौघेही १९०८मध्ये हजर होतात, मग तेव्हा युद्ध का झाले नाही? त्या वर्षी ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला आणि सर्बिया व रशिया संतापाने धुमसत राहिले. १९११मध्ये मोरोक्कोच्या अगादीर बंदरात जर्मन युद्धनौका उभी राहिली. १९१२-१३मध्ये तर बाल्कनमध्ये प्रत्यक्ष दोन युद्धे झाली. प्रत्येक वेळी युरोप कड्यापर्यंत गेला आणि परतला, कारण कोणीतरी एक पाऊल मागे घेतले. म्हणजे ही चार कारणे दारूगोळा साठल्याचे सांगतात, तो नेमका १९१४च्या उन्हाळ्यातच का उडाला हे सांगत नाहीत. आपल्याकडे कारण आणि निमित्त हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, ते उगीच नव्हे. आणि १९१४मध्ये या दोहोंच्या मध्ये तिसरी एक गोष्ट उभी होती, ती म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक.

गोंदियाच्या वाचकांना हे समजावणे सोपे आहे. जंक्शनवर वाढलेल्या माणसाला माहीत असते की एक गाडी अर्धा तास थांबली तर तिच्यामागे किती गाड्या खोळंबतात. आता कल्पना करा की गाड्या शेकडो नाहीत, हजारो आहेत, आणि प्रत्येकीत सैनिक, घोडे, तोफा आणि चारा आहे. १९१४मधल्या जर्मनीच्या सैन्य-जमवाजमवीसाठी सुमारे ११ हजार गाड्यांचे वेळापत्रक आधीच तयार होते. कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांच्या आसपास एक गाडी ऱ्हाइन नदी ओलांडणार होती. या वेळापत्रकामागे श्लीफेन योजना होती. जर्मनीला पूर्वेकडे रशिया आणि पश्चिमेकडे फ्रान्स असे दोन शत्रू होते. रशिया अवाढव्य, पण त्याचे सैन्य जमायला वेळ लागणार. म्हणून आधी बेल्जियममार्गे फ्रान्सवर धडक मारायची, सुमारे सहा आठवड्यांत त्याला लोळवायचे आणि मग त्याच रेल्वेने सैन्य पूर्वेला न्यायचे. या योजनेत एक भयंकर गोम होती. रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीचे घड्याळ चालू होणार होते. वाटाघाटींसाठी घालवलेला प्रत्येक दिवस सेनापतींच्या हिशेबात तोट्याचा ठरणार होता.

आता सनावळी. ही वहीत उतरवून घ्या, मात्र तारखांपेक्षा दोन तारखांमधल्या अंतराकडे लक्ष द्या.

२८ जून १९१४ : साराजेव्हो येथे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची हत्या.
५-६ जुलै : जर्मनीकडून ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा, ज्याला 'कोरा धनादेश' म्हणतात.
२३ जुलै : ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता.
२८ जुलै : ऑस्ट्रियाचे सर्बियाविरुद्ध युद्ध.
३० जुलै : रशियाची सर्वंकष जमवाजमव.
१ ऑगस्ट : जर्मनीचे रशियाविरुद्ध युद्ध.
३ ऑगस्ट : जर्मनीचे फ्रान्सविरुद्ध युद्ध.
४ ऑगस्ट : जर्मन सैन्य बेल्जियममध्ये, त्यावरून ब्रिटनचे जर्मनीविरुद्ध युद्ध. ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही युद्धात, एकाही हिंदी माणसाला न विचारता.

पाहा, हत्येनंतर जवळजवळ साडेतीन आठवडे वरवर शांततेत गेले. पुढे ३० जुलै ते ४ ऑगस्ट या सहा दिवसांत सारा युरोप पेटला. आघाड्या तर वर्षानुवर्षे अस्तित्वात होत्या. या सहा दिवसांना वेग दिला तो वेळापत्रकांनी.

त्यातले दोन प्रसंग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २९ जुलैच्या रात्री रशियाच्या झारने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. त्याला केवळ ऑस्ट्रियापुरती, अंशतः जमवाजमव हवी होती. सेनाधिकाऱ्यांनी त्याला सांगितले की तसे केले तर पुढच्या मोठ्या जमवाजमवीचे सगळे वेळापत्रक विस्कटेल. दुसऱ्या दिवशी झारने पुन्हा सर्वंकष हुकूम दिला. १ ऑगस्टला बर्लिनमध्ये तसेच घडले. ब्रिटन कदाचित तटस्थ राहील अशा आशयाची तार लंडनहून आली, तेव्हा कैसर विल्हेल्मने सेनाप्रमुख मोल्टकेला सगळे सैन्य पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. मोल्टकेने ते अशक्य असल्याचे सांगितले. लाखो माणसांची हालचाल ऐन वेळी फिरवली तर रणांगणावर सैन्य पोहोचणार नाही, नुसता गोंधळ पोहोचेल, असे त्याचे म्हणणे होते. तार चुकीच्या समजुतीवर आधारलेली निघाली आणि प्रश्न तिथेच मिटला. गंमत अशी की युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागाच्या तत्कालीन प्रमुखाने पुस्तक लिहून दाखवून दिले की गाड्या पूर्वेकडे वळवता आल्या असत्या. म्हणून मी मुलांना सांगतो की 'वेळापत्रकामुळे युद्ध झाले' असे लिहू नका. वेळापत्रक माणसांनी केले होते, आणि ते बदलता येणार नाही असा समजही माणसांनीच करून घेतला होता. परीक्षकाला हा फरक दिसला तर तो थांबून वाचतो.

कारणांचा भाग येथे सोडतो. आता रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्याकडे येऊ.

१९१४मध्ये गोंदिया नावाचा जिल्हा नव्हता. तो १९९९मध्ये झाला. तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदियाचे महत्त्व एकाच गोष्टीत होते : नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची रुंद वाट, आणि तिला येथे येऊन मिळणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या अरुंद वाटा. त्यातली एक उत्तरेला बालाघाटवरून जबलपूरकडे जात असे. माझ्या वयाच्या लोकांना ती छोटी गाडी चांगली आठवते. रूळ बदलले की माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत मजुरांच्या हातांनी हलवावा लागे. बालाघाटकडून येणाऱ्या त्या मालात एक काळा, जड दगड असे, तो म्हणजे मँगनीजचे खनिज.

पोलाद बनवताना त्यात थोडे मँगनीज घालावे लागते. ते वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू काढून घेते आणि गंधकाला बांधून ठेवते. ते नसेल तर तापलेले पोलाद लाटताना तडकते. प्रमाण अगदी थोडे, एका टनाला काही किलो. पण ते काही किलो नसले तर तो टन वाया. युद्धापूर्वी मँगनीजचे दोन मोठे पुरवठादार होते. एक रशियाच्या ताब्यातल्या जॉर्जियामधली चियातुरा येथील खाण आणि दुसरा हिंदुस्थान, त्यातही मुख्यतः मध्य प्रांतातले बालाघाट, भंडारा आणि नागपूर जिल्हे.

आता नकाशा उघडा. चियातुराचे खनिज काळ्या समुद्रातून बाहेर पडायला एकच दार आहे, बॉस्फोरस आणि दार्दानेल्सची सामुद्रधुनी, आणि ते दार तुर्कस्तानच्या हातात. सप्टेंबर १९१४च्या अखेरीस तुर्कस्तानने ते बंद केले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या आरमाराने रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. एका दाराच्या बंद होण्याने रशियाचे मँगनीज कोंडले गेले, आणि ब्रिटनच्या पोलाद भट्ट्यांची भिस्त हिंदुस्थानच्या खनिजावर येऊन पडली. तोफा, तोफगोळे, जहाजांचे पत्रे, सगळे पोलादाचे. १९१५पासून ब्रिटिश सैनिकांना जे शिरस्त्राण मिळू लागले, ते तर भरपूर मँगनीज असलेल्या विशेष पोलादाचे होते. फ्रान्सच्या खंदकात बसलेल्या एखाद्या माणसाच्या डोक्यावर बालाघाटच्या डोंगरातला दगड असण्याची शक्यता चांगलीच होती, आणि तो दगड गोंदियाच्या फलाटाशेजारी कोणाच्या तरी हातातून गेला असण्याचीही.

यावरून असा समज करून घेऊ नका की युद्धाने येथे सोन्याचा पाऊस पडला. मागणी होती, पण जहाजे कुठे होती? जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवली, उरलेली सैन्य आणि रसद वाहण्यात गुंतली, आणि वाहतुकीचे दर कडाडले. शिवाय युद्धापूर्वी आपले मँगनीज घेणाऱ्यांत बेल्जियम आणि जर्मनीही होते, ते गिऱ्हाईक एका दिवसात शत्रूपक्षात किंवा शत्रूच्या टाचेखाली गेले. त्यात रेल्वेची स्वतःची ओढाताण. हिंदुस्थानातून रूळ, इंजिने आणि वाघिणी मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी बसऱ्याकडे पाठवल्या गेल्या. बाहेरून नवी इंजिने येणे जवळपास थांबले. म्हणजे ज्या रेल्वेवर युद्धाचा भार वाढला, तीच रेल्वे युद्धामुळे दुबळी होत गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेसोपोटेमियाचे नाव आले म्हणून थोडे थांबतो. मराठी पलटणींचा सर्वांत करुण अध्याय तिथलाच आहे. जनरल टाऊनशेंडच्या फौजेत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने फार पुढे गेलेली ही फौज मागे हटून कुट-अल-अमारा येथे आली आणि डिसेंबर १९१५मध्ये तुर्कांनी तिला वेढले. वेढा सुमारे पाच महिने चालला. अन्न संपले, घोडे मारून खावे लागले, आणि २९ एप्रिल १९१६ला फौज शरण गेली. कैद झालेल्यांपैकी कितीतरी जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले. पुढच्या वर्षी, १९१७मध्ये, सरकारला माणसांची इतकी निकड भासली की दोन-अडीच दशके भरतीसाठी दार बंद असलेल्या महार समाजासाठी १११वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडलीही. गरज असेपर्यंत 'लढाऊ' आणि गरज सरताच पुन्हा 'अलढाऊ', एवढ्याच काळात सरकारची व्याख्या दोनदा बदलली. या एका उदाहरणावर 'युद्धाचे सामाजिक परिणाम' हा प्रश्न निम्मा सुटतो.

संपूर्ण हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. १९१७मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड देऊ केले. त्याला 'देणगी' म्हटले गेले. ती कोणी दिली हे विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

आर्थिक परिणाम लिहिताना मुले 'महागाई वाढली' एवढे लिहून पुढे जातात. मी त्यांना एक नोट दाखवतो, म्हणजे तिचे चित्र. तोवर रुपया म्हणजे चांदीचे नाणे. शेतकरी ते दगडावर आपटून आवाज ऐकत असे. युद्धात सैनिकांचे पगार आणि मालाच्या किमती चुकवण्यासाठी सरकारला अफाट नाणी पाडावी लागली. जगात चांदीचा तुटवडा पडला, तिचा भाव चढत गेला. तो अशा टप्प्यावर आला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होऊ लागली. मग लोक नाणी वितळवणार किंवा पुरून ठेवणार हे उघड होते. ३० नोव्हेंबर १९१७ला सरकारने कागदाची एक रुपयाची नोट काढली, आणि पाठोपाठ अडीच रुपयांची. लहान नाणीही चांदीऐवजी निकेलमिश्रित धातूची पाडली जाऊ लागली. भंडाऱ्याच्या आठवडी बाजारात धान विकून पहिल्यांदा हातात कागद घेणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. महायुद्ध त्या माणसापर्यंत वर्तमानपत्रातून पोहोचले नाही, त्याच्या मुठीतून पोहोचले.

आणि आता १९१८.

मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरात जहाज लागले. जूनमध्ये गोदीवर पहारा देणारे काही पोलीस तापाने आजारी पडले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, आणि ती वेगळीच होती. ताप, मग फुफ्फुसे भरून येणे आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. मुंबईत तिचा जोर ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळसाला गेला आणि त्यानंतर ती रेल्वेच्या वाटांनी आत सरकली. मध्य प्रांत हा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. अंदाजे शंभरातली पाच-सहा माणसे काही आठवड्यांत गेली. एरवीची साथ म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना उचलते. ही साथ वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांना उचलत होती, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. आजीची आई त्याच वयाची होती.

त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. आमच्याकडे धान पिकते. लोंब्या भरण्याच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात पाणी मिळाले नाही तर लोंबी पोचट राहते. मालगुजारी तलावांत साठले असेल तेवढ्यावर बांध्या तगवायच्या. १९१८चा मान्सून त्या शतकातल्या सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक होता. आणि कापणीच्या ऐन हंगामात कापणारे हात तापाने अंथरुणावर.

येथे उजळणीतला सर्वांत अवघड प्रश्न येतो, आणि मला तो स्वतःसाठीही सोडवायचा होता. आजीची आई महायुद्धात मेली असे म्हणता येईल का?

भावनेच्या भरात 'हो' म्हणणे सोपे आहे, पण इतिहासात ते चालत नाही. पाऊस युद्धाने थांबवला नाही. विषाणूही युद्धाने जन्माला घातला नाही. त्यामुळे 'युद्धाचा परिणाम म्हणून साथ आली' असे वाक्य लिहिले तर ते अर्धेच खरे. पण विषाणू महिन्याभरात महासागर ओलांडतो तेव्हा तो जहाजात बसून ओलांडतो, आणि १९१८मध्ये ती जहाजे सैनिकांनी खच्चून भरलेली होती. बंदरातून गाव गाठायला त्याला रेल्वे लागते. गर्दीच्या, अपुऱ्या डब्यांची रेल्वे तर त्याला अधिकच सोयीची. गावात आल्यावर समोर माणसे कशी होती? चार वर्षांच्या महागाईने पोट खपाटीला गेलेली. धान्य दुसऱ्या प्रांतातून आणायचे तर वाघिणींची टंचाई, कारण त्या बसऱ्याला. डॉक्टर आधीच थोडे, त्यांतले कितीतरी लष्करी सेवेत. म्हणजे साथ आणि अवर्षण हे युद्धाचे अपत्य नव्हे, पण युद्धाने त्यांच्यासाठी दारे सताड उघडून ठेवली होती. कोणती गोष्ट युद्धाने घडवली, कोणती वाढवली आणि कोणती केवळ त्याच वेळी घडली, हे तीन भाग वेगळे करता आले की 'परिणाम लिहा' या प्रश्नाला घाबरण्याचे कारण उरत नाही.

या मृत्यूंची खूण जनगणनेत अजून दिसते. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११मध्ये सुमारे २५ कोटी २१ लाख होती, १९२१मध्ये २५ कोटी १३ लाख. त्यानंतर एकाही दशकात ती घटलेली नाही. भूगोलाच्या पुस्तकात १९२१ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात. इतिहासाच्या आणि भूगोलाच्या वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच हे दिसते. दुर्दैवाने दोन्ही तास वेगवेगळ्या दिवशी असतात.

राहिले राजकीय परिणाम. ते तुम्हाला बहुतेक येतात, म्हणून सनावळी पुरी करून घेतो.

एप्रिल १९१६ : टिळकांची होमरूल लीग. तिच्या कार्यक्षेत्रात आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाडही होता.
डिसेंबर १९१६ : लखनौ करार.
१९१७ : एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात, २० ऑगस्टला माँटेग्यूची घोषणा, नोव्हेंबरमध्ये रशियात बोल्शेविक क्रांती.
११ नोव्हेंबर १९१८ : युद्धविराम. त्या दिवशी मध्य प्रांतात अजून साथीचे मृत्यू होतच होते.
मार्च १९१९ : रौलट कायदा. १३ एप्रिलला जालियनवाला बाग.
२८ जून १९१९ : व्हर्सायचा तह. साराजेव्होच्या गोळीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली. हिंदुस्थानच्या वतीने सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराज गंगासिंह होते.
डिसेंबर १९१९ : माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा.
जानेवारी १९२० : राष्ट्रसंघाची स्थापना.
डिसेंबर १९२० : नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब.

जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन, रशियन आणि ऑटोमन अशी चार साम्राज्ये कोसळली. त्यांतल्या ऑटोमन साम्राज्याच्या पराभवातून खिलाफतीचा प्रश्न उभा राहिला आणि तो असहकाराशी जोडला गेला. जर्मनीवर युद्धाची जबाबदारी आणि नुकसानभरपाई लादली गेली, आणि तिथून दुसऱ्या महायुद्धाची वाट सुरू झाली, असे आपण लिहितो. लिहा, पण 'तिथूनच' असे लिहू नका. १९२९च्या मंदीशिवाय ती वाट हिटलरपर्यंत पोहोचली असती का, हा प्रश्न अजून खुला आहे.

मला स्वतःला नागपूरच्या अधिवेशनाची नोंद सर्वांत जवळची वाटते. दोन वर्षांपूर्वी ज्या रुळांवरून ताप आला, त्याच रुळांवरून माणसे नागपूरला गेली. ज्यांच्या हातात कागदी रुपया होता, ज्यांच्या घरी कोणीतरी गेले होते आणि ज्यांना स्वराज्याचे अर्धवट आश्वासन देऊन रौलट कायदा दिला गेला होता, अशी माणसे.

हे सगळे लिहून झाल्यावर त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुमची आजी बरोबर सांगत होती." मग तिने वहीच्या शेवटच्या पानावर सनावळीत एक ओळ स्वतःच्या अक्षरात वाढवली : ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८, मानमोडी, आमगाव.